कार्बन प्लेटचे शूज: दोन तासांत हाफ मॅरेथॉन पळणाऱ्याला त्यातून किती मिळतं?

नायकेने २०१७ साली बाजारात आणलेल्या, तळव्याच्या फोममध्ये कार्बनची ताठ प्लेट बसवलेल्या वेपरफ्लाय शूजच्या नावातच '४ टक्के' हा आकडा होता. शूज विकायला आकडा उत्तम होता, आणि तो खोटाही नव्हता. पण तो नेमका कशाचा, हे विचारायचं बहुतेकांच्या राहूनच गेलं. आज दुकानात १५ ते २५ हजार रुपये मोजून अशी जोडी घेणारा रनर मनातल्या मनात आपल्या वेळेतून ४ टक्के वजा करतो. दोन तासांच्या हाफमधून जवळजवळ पाच मिनिटं! हिशेब तसा होत नाही.

तो आकडा आला कोलोरॅडो विद्यापीठातल्या एका प्रयोगातून. १८ तरबेज पुरुष धावपटूंना ट्रेडमिलवर ताशी १४, १६ आणि १८ किलोमीटर वेगाने पळवलं आणि ते किती प्राणवायू वापरतात ते मोजलं. त्यावेळच्या चांगल्या रेसिंग शूजच्या तुलनेत नव्या शूजमध्ये तोच वेग राखायला सरासरी ४ टक्के कमी ऊर्जा लागली. म्हणजे आकडा ऊर्जेच्या बचतीचा आहे, वेळेचा नाही. वेगाने पळताना हवेचा अडथळा वाढत जातो, त्यामुळे अव्वल धावपटूंच्या बाबतीत ४ टक्के ऊर्जा वाचली तरी वेग साधारण अडीच-तीन टक्केच वाढतो. तरीही २ तास ३८ मिनिटांत मॅरेथॉन पळणाऱ्याला त्यातून चार मिनिटांच्या आसपास मिळतात, आणि त्या पातळीवर चार मिनिटं म्हणजे फार मोठी गोष्ट आहे.

आता वेग बघा. ताशी १६ किलोमीटर म्हणजे किलोमीटरला पावणेचार मिनिटं. आपल्याकडच्या कुठल्याही रनिंग ग्रुपमध्ये या पेसने हाफ पळणारे किती असतात, ते आठवा. पुढे २०२३ साली टेक्सासमधल्या संशोधकांनी हाच प्रश्न हळू पळणाऱ्यांसाठी विचारला. ताशी १२ किलोमीटरला, म्हणजे पाचच्या पेसला, सरासरी बचत १.४ टक्के निघाली. ताशी १० किलोमीटरला, म्हणजे सहाच्या पेसला, ती ०.९ टक्क्यावर आली, आणि काही जणांना तर या शूजमध्ये साध्या शूजपेक्षा जास्त ऊर्जा लागली.

वेग कमी झाला की फायदाही कमी होतो, यात कंपनीची लबाडी नाही. पाऊल जमिनीवर आपटताना फोम दबतो आणि सुटताना ती ऊर्जा परत करतो. किती ऊर्जा परत मिळणार हे आधी त्यात किती साठली यावर ठरतं. वेगाने पळणारा माणूस कमी वेळात जास्त जोर देतो, फोम खोलवर दाबतो. हळू पळताना जोर कमी, दबणं कमी, म्हणून परतावाही कमी.

इथे आणखी एक समज बाजूला ठेवायला हवा. या शूजना सगळे 'कार्बन शूज' म्हणतात, पण कामाचा मोठा भाग कार्बनकडे नाहीच. मुख्य कामगार आहे फोम. जुन्या रनिंग शूजमध्ये बहुतेक ईव्हीए नावाचा फोम असे. या शूजमध्ये पेबा नावाचा, जास्त हलका आणि जास्त उसळी देणारा. पहिल्या वेपरफ्लायच्या चाचणीत दाबताना साठलेल्या ऊर्जेपैकी ८७ टक्के परत मिळाली होती, आणि ज्याच्याशी तुलना केली त्या आदिदासच्या रेसिंग शूजमध्ये ७६ टक्के. प्लेट वेगळी काय करते हे पाहायला संशोधकांनी नंतर वेपरफ्लायची प्लेट करवतीने सहा ठिकाणी आडवी कापली, तिचा ताठपणा घालवला, आणि पुन्हा मोजलं. ऊर्जेतला फरक जेमतेम अर्धा टक्का आला, संख्याशास्त्राच्या दृष्टीने दखल न घेण्याइतका. मग प्लेट हवीच कशाला? चाळीस मिलिमीटर उंचीचा असा मऊ फोम नुसता वापरला तर शूज चवड्याशी लिबलिबीत होतो. प्लेट त्याला आकार देते, स्थिर ठेवते आणि पुढच्या वळलेल्या भागावरून पाऊल गडगडत पुढे जायला मदत करते. तिला स्प्रिंग समजण्यापेक्षा मऊ गादीखालची फळी समजा.

प्लेटचा शरीरावर मात्र एक ठळक परिणाम होतो, आणि दुखापतीचा सगळा विषय तिथून सुरू होतो. साध्या शूजमध्ये जमीन सोडताना पायाचा अंगठा आणि बोटं मुळापाशी वाकतात. ताठ शूजमध्ये ते वाकणं कमी होतं. तिथे खर्च होणारी ऊर्जा वाचते, पण जोर नाहीसा होत नाही, त्याची वाट बदलते. घोट्याच्या आणि पावलाच्या मधल्या भागातल्या हाडांवर तो वेगळ्या कोनातून येतो. सोबत पावलं थोडी लांब पडू लागतात आणि मिनिटाला पडणारी संख्या थोडी घटते. वर्षानुवर्षं एका तऱ्हेच्या भाराला सरावलेल्या हाडांना आणि स्नायुबंधांना हा बदल नवा असतो.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक तज्ज्ञांनी पाच धावपटूंच्या केसेस प्रसिद्ध केल्या. सगळ्यांना नॅव्हिक्युलर या हाडाला ताणाची इजा झाली होती आणि सगळे प्लेटचे शूज वापरत होते. हे हाड पावलाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या थोडं पुढे, आतल्या अंगाला असतं. त्याच्या मधल्या तिसऱ्या भागाला रक्तपुरवठा कमी, म्हणून तिथली भेग सावकाश भरते. उपचारात अनेकदा साधारण सहा आठवडे त्या पायावर वजनच टाकू देत नाहीत. पाच केसेस हा पुरावा नव्हे. हे शूज घालणाऱ्या लाखो लोकांपैकी किती जणांना असं होतं, हे त्यातून कळत नाही. पण इशारा म्हणून तो पुरेसा आहे, विशेषतः दुखणं कसं सुरू होतं ते कळलं तर.

ते फसवं असतं. नवे शूज घातल्यावर दोन्ही पोटऱ्या दुखल्या, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना ओढ जाणवली आणि ४८ तासांत ओसरली, तर ते स्नायूंचं दुखणं. त्याची काळजी नको. हाडाचं दुखणं बहुधा एकाच पायात असतं. पावलाच्या वर बोट टेकवून दाबलं की एका ठरावीक जागी कळ येते. पळायला लागल्यावर ते मोकळं होण्याऐवजी किलोमीटरगणिक वाढतं. त्या एका पायावर दहा उड्या मारून बघा. कळ आली तर पळणं तिथेच थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. साध्या एक्स-रेमध्ये नॅव्हिक्युलरची इजा सुरुवातीला बरेचदा दिसत नाही, त्यासाठी एमआरआय लागतो. 'एक्स-रे स्वच्छ आहे' एवढ्यावर पुन्हा पळायला निघालेला रनर महिन्याचं दुखणं सहा महिन्यांवर नेतो.

मग हे शूज कुणी घ्यावेत? पाचच्या आतल्या पेसने हाफ किंवा मॅरेथॉन पळणारा, आठवड्याला ४० किलोमीटर किंवा जास्त पळणारा, गेल्या वर्षभरात हाडाची दुखापत न झालेला असा धावपटू असेल तर फायदा मोजण्याइतका आहे. टाचेवर उतरणाऱ्यांना हे शूज चालत नाहीत असं सर्रास सांगितलं जातं, पण कोलोरॅडोच्या प्रयोगात टाचेवर उतरणाऱ्यांनाही चवड्यावर उतरणाऱ्यांइतकाच, उलट किंचित जास्तच, लाभ झाला होता. पहिलीच हाफ पळणाऱ्याने, आठवड्याला २५ किलोमीटरपेक्षा कमी पळणाऱ्याने आणि चालत-पळत अंतर पूर्ण करणाऱ्याने थांबावं. गेल्या वर्षभरात ताणाची भेग पडलेल्यांनी आणि पाळी अनियमित झालेल्या किंवा खाणं पुरत नसलेल्या धावणाऱ्या स्त्रियांनी तर नक्कीच. त्यांची हाडं आधीच नाजूक अवस्थेत असू शकतात. गंमत म्हणजे अंगठ्याचा सांधा ताठ झालेल्या काहींना या शूजमध्ये बरं वाटतं, कारण त्या सांध्याला वाकावं लागत नाही.

मधल्या लोकांचं काय? एक नमुना धरू. ३८ वर्षांची रनर, हाफची वेळ १ तास ५८ मिनिटं, म्हणजे किलोमीटरला साधारण ५ मिनिटं ३५ सेकंद, ताशी पावणेअकरा किलोमीटर. आठवड्यात चार दिवस, ४० किलोमीटर. तिच्या वेगाला प्रयोगांतली सरासरी बचत एक टक्क्याच्या आसपास. या वेगाला हवेचा अडथळा फारसा नसतो, त्यामुळे एक टक्का ऊर्जा म्हणजे ढोबळमानाने एक टक्का वेळ: ११८ मिनिटांतून सत्तर सेकंद. आणखी एक तपशील. शूजचं वजन प्रत्येक पायाला १०० ग्रॅमने कमी झालं तर साधारण एक टक्का ऊर्जा वाचते. रोजचा २८० ग्रॅमचा शूज सोडून ती २०० ग्रॅमच्या शूजमध्ये आली, तर जवळपास पाऊण टक्का नुसत्या हलकेपणाचा, आणि तेवढं तिला बिनप्लेटच्या हलक्या शूजमध्येही मिळेल, अर्ध्या किमतीत. सत्तर सेकंदांसाठी ती वीस हजार देणार का, हा तिचा प्रश्न. ठरवलंच असेल, तर तिला खरोखर फायदा होतो का हे आधी पाहता येतं.

सपाट रस्त्यावर, पहाटे ऊन व्हायच्या आत, दीड किलोमीटरचे चार तुकडे आपल्या रेस पेसने पळायचे. पहिला जुन्या शूजमध्ये, दुसरा आणि तिसरा नव्या शूजमध्ये, चौथा पुन्हा जुन्या. मध्ये तीन-तीन मिनिटं चालायचं. प्रत्येक तुकड्यातल्या शेवटच्या ५०० मीटरमधल्या हृदयाच्या ठोक्यांची सरासरी लिहायची. दोन्ही प्रकारच्या शूजमधले तुकडे असे मांडायचं कारण, वेळ जाईल तसे ठोके आपोआप चढतात. आधी दोन जुन्यात आणि मग दोन नव्यात पळलं तर चांगला शूजही वाईट दिसेल. ठोके छातीच्या पट्ट्याने मोजा, मनगटावरचं घड्याळ इतका बारीक फरक दाखवण्याच्या कामाचं नाही. तरी एक टक्का ऊर्जा म्हणजे मिनिटाला एक-दोन ठोके. सरासरीत दोनपेक्षा कमी फरक आला तर या चाचणीतून काहीच सिद्ध झालं नाही, असं धरायचं. चार-पाच ठोक्यांचा फरक दोन वेगळ्या दिवशी तसाच आला, तर शूज तिला मानवतोय. आणि ही चाचणी शूजची सवय झाल्यावर करायची, डबा उघडला त्या दिवशी नव्हे.

आता सवय कशी करायची ते. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारच्या मुंबई मॅरेथॉनमधली हाफ तिच्या नजरेसमोर असेल, तर शूज नोव्हेंबरच्या उत्तरार्धात हातात हवेत, म्हणजे आठ आठवडे मिळतात. डिसेंबरअखेर ऑनलाइन मागवून रेसमध्येच पहिल्यांदा घालणं हा सगळ्यात महागात पडणारा प्रकार.

पायांची तयारी आधी तपासावी: गुडघा सरळ ठेवून एका पायावर चवड्यावर उचलायचं आणि खाली यायचं. प्रत्येक पायाला सलग वीस-पंचवीस जमायला हवेत. बारालाच पोटरी थरथरत असेल तर दोन-तीन आठवडे, दिवसाआड तीन सेट, हेच करावं. शूज कपाटात थांबू शकतात.

पहिल्या आठवड्यात शूज घालून घरात वीस मिनिटं वावरायचं. टाच घसरते का, पायाच्या अंगठ्यापुढे हाताच्या अंगठ्याच्या नखाएवढी जागा आहे का, हे तेव्हाच कळतं. बदलून घ्यायचे तर शूज मळण्याआधीच. मग एका सोप्या रनच्या शेवटी वीस सेकंदांचे पाच वेगवान तुकडे, प्रत्येकानंतर चालत परत. एवढंच. दुसऱ्या आठवड्यात पाच किलोमीटरचा एक रन, त्यात एकेक मिनिटाचे सहा तुकडे रेस पेसने. तिसऱ्यात सहा किलोमीटर, त्यात एकेक किलोमीटरचे तीन तुकडे, मध्ये दोन मिनिटं सावकाश जॉगिंग. आठवड्यात एकच दिवस, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी विश्रांती किंवा जुन्या शूजमध्ये अगदी हलका रन.

चौथ्या आठवड्यात नवे शूज घालायचे नाहीत. हा आठवडा गाळायचा मोह सगळ्यांना होतो, कारण तोवर पायांना मजा येऊ लागलेली असते. पण नवा भार आला की हाड आधी थोडं झिजतं आणि मग त्या जागी नवं भरतं. झीज पटकन होते, भरणं सावकाश. त्यामुळे बदलानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड सुरुवातीपेक्षा थोडं कमजोर असू शकतं, आणि रनरला मात्र तेव्हाच जोम वाटत असतो.

पाचव्या आठवड्यात नऊ किलोमीटर, त्यातले मधले पाच सलग रेस पेसने. सहाव्याच्या रविवारी, म्हणजे रेसच्या बरोबर दोन आठवडे आधी, रंगीत तालीम: चौदा किलोमीटर, शेवटचे सहा रेस पेसने, तेच मोजे, तोच नाश्ता, जेलही तेच. शूज कुठे घासतो, फोड कुठे येतो हे आजच कळू दे. सातव्यात पाच किलोमीटर, त्यात दीड किलोमीटरचे दोन तुकडे. आठव्यात शूज फक्त रविवारी. या सगळ्यात मिळून शूजमध्ये चाळीसच्या आसपास किलोमीटर होतात. बाकीचं सगळं पळणं जुन्या शूजमध्ये.

इतकं कमी कशाला, असा प्रश्न येतो. एक कारण दुखापतीचं. दुसरं असं, की सगळे सोपे रन या शूजमध्ये केले तर पावलाच्या लहान स्नायूंना मिळणारा रोजचा व्यायाम कमी होतो. तिसरं सरळ पैशाचं. पेबा फोम लवकर थकतो. स्पेनमधल्या एका प्रयोगात ४५० किलोमीटर वापरलेल्या पेबा शूजने साध्या ईव्हीए शूजपुढची आघाडी गमावलेली होती. वीस हजारांची जोडी ३०० किलोमीटर जरी उत्तम चालली, तर किलोमीटरमागे ६५ रुपयांहून जास्त पडतात. कोपऱ्यावर भाजी आणायला ते घालून जाणाऱ्यांनी हा हिशेब करावा. शूज थकला हे वरून दिसत नाही. तळव्याचं रबर शाबूत असतं. मधल्या फोमच्या बाजूला आडव्या सुरकुत्या कायमच्या बसल्या, किंवा सपाट टेबलावर ठेवल्यावर शूज एका अंगाला कलला, की तो रेसमधून बाद.

आठ आठवड्यांत काही बिघडलं तर सोपा नियम आहे. दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं, दोन्ही पायांत, दुसऱ्या सकाळपर्यंत जाणारं, तर योजना चालू ठेवा. दुसऱ्या सकाळीही तेवढंच असेल तर तोच आठवडा पुन्हा करा, पुढे सरकू नका. एकाच पायात, एकाच जागी, किंवा लंगडायला लावणारं असेल, तर शूज बाजूला आणि डॉक्टर. टाचेच्या वरच्या स्नायुबंधात सकाळी उठल्याबरोबर ताठरपणा येऊ लागला, तर पुढचे दोन आठवडे प्लेट नको, नुसत्या चवड्याच्या उचल्या.

रस्त्याचाही विचार हवा. उंच, मऊ आणि टाचेपाशी अरुंद शूजमध्ये पाऊल कुशीवर वळण्याची शक्यता वाढते. पेव्हर ब्लॉकच्या कडा, स्पीडब्रेकर आणि पाण्याच्या स्टेशनपाशी कप-बाटल्यांमुळे ओला झालेला रस्ता, या तीन जागी पेस दोन-तीन सेकंदांनी सोडा आणि वळण आतून कापण्याऐवजी थोडं मोठं घ्या. वळणं जास्त आणि डांबर फुटलेलं असेल अशी स्थानिक रेस असेल, तर सत्तर सेकंदांचा फायदा तसाही वळणांतच जातो. तिथे जुना हलका शूज घालून गेलेलं बरं.